क्वांटिटी सर्व्हेअरचा रेझ्युमे जाहिरातीशी ताडून कसा पाहावा: सॉफ्टवेअर, बिलं आणि कॉन्ट्रॅक्ट

क्वांटिटी सर्व्हेअरच्या रेझ्युमेत ‘बिल’ या शब्दाइतका फसवा शब्द दुसरा नाही. ‘बिल प्रिपरेशनचा सहा वर्षांचा अनुभव’ असं एकजण लिहितो तेव्हा तो टेंडरआधी बिल ऑफ क्वांटिटीज, म्हणजे बीओक्यू, बनवत आलेला असतो. दुसरा तेच वाक्य लिहितो आणि त्याने दरमहा क्लायंटला जाणारं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, केलेलं असतं. तिसऱ्याने सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं तपासून अकाउंट्सकडे पाठवलेली असतात. चौथा सल्लागाराकडे होता आणि कंत्राटदाराने बनवलेल्या बिलावर लाल पेनाने खुणा करत होता. चौघांचं वाक्य एकच, पण कामं चार वेगवेगळी. म्हणून रेझ्युमे जाहिरातीशी ताडताना शब्दाला शब्द जुळवून भागत नाही. त्या शब्दामागे नक्की कोणतं काम होतं, ते या माणसाने स्वतः केलं का, आणि आपल्या साइटवर तेच काम आहे का, हे काढावं लागतं.

इथे एक जाहिरात आणि एक रेझ्युमे घेऊन ही तपासणी टप्प्याटप्प्याने केली आहे. दोन्ही नमुन्यादाखल रचलेले आहेत. नेमणूक करणाऱ्यांसाठी ही पद्धत आहेच, पण स्वतःचा रेझ्युमे पाठवण्याआधी उमेदवारालाही ती उलटी लावून पाहता येते.

आधी जाहिरात सुटी करा

जाहिरात अशी आहे: मुख्य कंत्राटदाराला दोन तळघरं आणि बारा मजले असलेल्या रुग्णालयाच्या इमारतीसाठी क्वांटिटी सर्व्हेअर हवा आहे. कामाची मुदत ३० महिने. कॉन्ट्रॅक्ट फिडिकच्या १९९९ च्या रेड बुकवर. ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढणे (कॉस्टएक्स किंवा तत्सम), क्लायंटची मासिक बिलं, सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं, व्हेरिएशन आणि क्लेमच्या नोटिसा ही कामं. अनुभव ५ ते ८ वर्षं.

यातला ‘रेड बुक’, म्हणजे फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेचा एक नमुना करार, हा शब्द बाकी सगळ्या ओळींचा अर्थ ठरवतो. रेड बुकमध्ये प्रत्यक्ष झालेलं काम मोजून पैसे मिळतात. म्हणजे मोजमाप चुकलं की थेट पैसा चुकतो, आणि दर महिन्याच्या बिलामागे मेजरमेंट शीटचा गठ्ठा लागतो. हीच इमारत डिझाइन-बिल्डच्या यलो बुकवर असती तर साधारणपणे ठोक रक्कम ठरली असती, टप्पे पूर्ण झाले की पैसे मिळाले असते आणि क्वांटिटी सर्व्हेअरच्या दिवसाचं स्वरूप निराळं असतं. त्यामुळे जाहिरातीत कॉन्ट्रॅक्टचा प्रकार लिहिलेला नसेल तर आधी प्रोजेक्टच्या माणसांना विचारून घ्या. तो कळल्याशिवाय रेझ्युमे वाचायला बसणं व्यर्थ आहे.

मग तीन गोष्टींना वजन द्या. या जाहिरातीसाठी बिलांना ४०, कॉन्ट्रॅक्टला ३५ आणि सॉफ्टवेअरला २५ ठेवलं आहे. टेंडर विभागातली जागा असती तर सॉफ्टवेअर आणि रेट अ‍ॅनालिसिस वर गेलं असतं. वजनं रेझ्युमे उघडण्याआधी ठरवून लिहून ठेवा. एखादा उमेदवार आवडला की त्याच्या बलस्थानाला जास्त वजन द्यायचा मोह होतो आणि तो बहुधा आपल्या लक्षातही येत नाही.

प्रत्येक गोष्टीला ० ते ४ गुण द्यायचे. काहीच उल्लेख नसेल तर ०. नुसतं नाव असेल, जसं ‘फिडिकचं ज्ञान’, तर १. काम सांगितलं असेल तर २. कामाबरोबर आकार, पद्धत आणि स्वतःचा वाटा सांगितला असेल तर ३. आणि त्याचं पुढे काय झालं हेही सांगितलं असेल, किती सर्टिफाय झालं, काय कापलं गेलं, का कापलं गेलं, तर ४. रेझ्युमेवरून ४ देण्याची वेळ क्वचित येते, आणि ते ठीकच आहे.

रेझ्युमे: आधी महिन्यांचा हिशेब

उमेदवाराच्या रेझ्युमेतल्या कामाच्या ओळी अशा आहेत:

- ‘सॉफ्टवेअर: कॉस्टएक्स, प्लॅनस्विफ्ट, कँडी, रेव्हिट, ऑटोकॅड, प्रिमाव्हेरा, एक्सेल (अ‍ॅडव्हान्स्ड).’
- ‘सल्लागार संस्था, ३ वर्षं: बिल प्रिपरेशन, एस्टिमेशन.’
- ‘कंत्राटदार, १४ महिने: १४ मजली निवासी टॉवर. २२ आरए बिलं, १८ सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं.’
- ‘कंत्राटदार, २० महिने, चालू: कारखान्याची इमारत, यलो बुक. बिलिंग, व्हेरिएशन, क्लेम.’
- ‘फिडिकचं उत्तम ज्ञान. एकूण अनुभव ६ वर्षं.’

कीवर्ड शोधणाऱ्या प्रणालीतून हा रेझ्युमे सहज पुढे येईल, कारण जाहिरातीतला जवळपास प्रत्येक शब्द त्यात आहे. आता महिने मोजा. ३६ अधिक १४ अधिक २० म्हणजे ७० महिने, म्हणजे पाच वर्षं दहा महिने. ‘६ वर्षं’ म्हणायला हरकत नाही. पण सल्लागाराकडचे ३६ महिने बीओक्यूचे असण्याची शक्यता जास्त आहे. चालू नोकरी यलो बुकवर आहे, म्हणजे तिथली बिलं मोजमापावर नसून टप्प्यांवर असणार. आपल्या जाहिरातीला हवं असलेलं काम, कंत्राटदाराच्या बाजूने मोजमाप करून केलेली मासिक बिलं, रेझ्युमेत फक्त १४ महिन्यांचं उरलं. सहा वर्षांचे चौदा महिने झाले.

एवढ्यावर उमेदवाराला बाद करायचं नाही. बीओक्यू बनवणाऱ्याला कोणता आयटम कसा मोजायचा हे पक्कं माहीत असतं, आणि आरए बिल करणाऱ्यांत नेमकं तिथेच कच्चेपण असतं. पण पुढचे सगळे प्रश्न कुठे रोखायचे ते या हिशेबाने ठरतं.

दुसरं ताडून पाहायचं ते बिलांच्या संख्येचं. १४ महिन्यांत २२ मासिक बिलं कशी? हा खोटेपणाच असेल असं नाही. दोन वेगळी कॉन्ट्रॅक्टं असतील, किंवा पंधरवड्याला बिल असेल, किंवा आधीच्या माणसाची बिलंही मोजली असतील. प्रश्न लिहून ठेवा. तसंच ‘१८ सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं’ म्हणजे अठरा जणांची की एकूण अठरा बिलं, तेही विचारायचं. पहिल्या अर्थाने ते दर महिन्याला अठरा बिलांचं ओझं आहे, दुसऱ्या अर्थाने महिन्याला जेमतेम एक बिल. ओळ तीच राहते आणि काम दहापटीहून जास्त बदलतं.

फक्त कागदावरून गुण असे: सॉफ्टवेअर १, कारण नुसती नावं आहेत. बिलं २, कारण काम आणि संख्या आहे, पण स्वतःचा वाटा नाही. कॉन्ट्रॅक्ट १. वजनाप्रमाणे २५ चा चौथा भाग ६.२५, ४० चा अर्धा २०, ३५ चा चौथा भाग ८.७५. एकूण १०० पैकी ३५. कमी वाटतं, पण रेझ्युमेने स्वतःच्या बळावर सिद्ध केलेलं तेवढंच आहे. बाकीचं फोनवर आणि छोट्या चाचणीत कळतं.

सॉफ्टवेअर: नाव नको, काढलेली क्वांटिटी पाहा

सात सॉफ्टवेअरांची यादी एका ओळीत दिसली की ती आधी कामाप्रमाणे वेगळी करा. प्लॅनस्विफ्ट हे ड्रॉइंगवर मोजायचं साधन. कॉस्टएक्समध्ये ड्रॉइंगवरही मोजता येतं, थ्रीडी मॉडेलवरूनही क्वांटिटी घेता येते, आणि त्या क्वांटिटी त्याच्या वर्कबुकला जोडलेल्या राहतात, त्यामुळे ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली की काय बदललं ते दिसतं. कँडी मुख्यतः मजूर, माल आणि यंत्रसामग्रीपासून दर बांधण्यासाठी आहे. रेव्हिटमध्ये मॉडेल बनतं आणि त्यातून शेड्यूल निघतं. प्रिमाव्हेरा हे नियोजनाचं साधन, क्वांटिटी काढण्याचं नव्हे. या जागेसाठी ऑटोकॅड आणि प्रिमाव्हेरा गुणांत धरायचं कारण नाही.

‘कॉस्टएक्स किंवा तत्सम’ यातलं ‘तत्सम’ किती ताणायचं? ज्याने प्लॅनस्विफ्टमध्ये रोज मोजलं आहे तो कॉस्टएक्समध्ये ड्रॉइंगवरचं मोजमाप लवकर आत्मसात करतो. हात तोच, बटणं वेगळी. मॉडेलवरून क्वांटिटी घेणं आणि वर्कबुक नीट जोडणं याला मात्र वेळ लागतो. तुमच्या प्रोजेक्टवर मॉडेल येणारच नसेल तर त्यासाठी चांगला माणूस सोडू नका.

फोनवर ‘कॉस्टएक्स येतं का?’ असं विचारू नका. होच म्हणणार. विचारा: ‘शेवटचं टेकऑफ कोणत्या इमारतीचं, किती शीटचं होतं, आणि क्वांटिटी बरोबर आहे हे कशावरून ठरवलं?’ तिसऱ्या भागाचं उत्तर महत्त्वाचं. काम केलेला माणूस हाताने ताळा कसा घेतला ते सांगतो. स्लॅबचं क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर आणि जाडी १५० मिलिमीटर, म्हणजे काँक्रीट ९० घनमीटरच्या आसपास यायला हवं, मॉडेल १०४ दाखवत असेल तर बीम आणि स्लॅब एकमेकांत घुसून दोनदा मोजले गेले असावेत, असं काहीसं. ज्याने फक्त डेमो पाहिला आहे तो ‘सॉफ्टवेअर आपोआप काढतं’ म्हणतो.

चाचणी म्हणून एक पीडीएफ शीट द्या. मूळ ए१ आकाराची, १:१०० ची, पण ए३ वर छोटी करून छापलेली. कोपऱ्यात ‘१:१००’ तसंच राहू द्या आणि शीटवर एकदोन मापं लिहिलेली असू द्या. ए१ चं ए३ झालं की लांबी निम्मी होते, म्हणजे खरं प्रमाण १:२०० झालं. जो कोपऱ्यातलं १:१०० सरळ टाकून मोजायला लागतो त्याची २४ मीटरची भिंत १२ मीटर येते आणि ६०० चौरस मीटरचा स्लॅब १५० चौरस मीटर होतो, कारण क्षेत्रफळ चौपटीने घसरतं. अनुभवी माणूस आधी लिहिलेलं एखादं माप धरून स्केल जुळवतो, मग मोजतो. हे काम दहा मिनिटांचं आहे. त्याच शीटवर वेगळ्या प्रमाणाचा एक डिटेलही ठेवा. बरेच जण एकदा स्केल लावलं की संपूर्ण शीटला तेच धरतात.

एक गोष्ट सॉफ्टवेअर करत नाही: काय वजा करायचं ते ठरवणं. ते मोजमापाची पद्धत ठरवते. उदाहरणार्थ आयएस १२०० या भारतीय मानकात प्लास्टर मोजताना ०.५ चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग वजा करत नाहीत. त्याहून मोठं पण ३ चौरस मीटरपर्यंतचं असेल आणि दोन्ही बाजूंना एकच प्लास्टर असेल तर एकाच बाजूचं वजा करतात, दुसरी बाजू कडांच्या प्लास्टरपोटी सोडतात. पोमी किंवा एनआरएम २ या दुसऱ्या पद्धतींवर केलेल्या कामात नियम वेगळे. ‘तुमच्या टॉवरवर मोजमापाची पद्धत कोणती होती आणि खिडक्या कशा वजा केल्या?’ हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या यादीपेक्षा जास्त काही सांगून जातो.

बिलं: साखळी कुठून कुठपर्यंत

बिलाच्या अनुभवाचा पहिला प्रश्न एकच: साखळीतला तुमचा तुकडा कोणता? साइटवर जॉइंट मेजरमेंट, मग मेजरमेंट शीट, मग अ‍ॅबस्ट्रॅक्ट, मग मागील बिल वजा, मग कपाती, मग क्लायंटच्या इंजिनिअरशी आयटमवारी वाद, मग सर्टिफिकेट. पुष्कळ जण मधला एकच तुकडा करतात आणि लिहिताना सगळी साखळी लिहितात. ‘सर्टिफिकेटमध्ये शेवटच्या वेळी काय कापलं होतं आणि ते पुढच्या बिलात कसं परत आणलं?’ याला नेमकं उत्तर येत असेल तर माणूस साखळीच्या शेवटापर्यंत पोहोचलेला आहे.

मग अर्ध्या पानाचा हिशेब द्या. नियम प्रश्नातच लिहा, कारण प्रत्येक कॉन्ट्रॅक्टच्या विशेष अटी वेगळ्या असतात आणि पाठांतर तपासायचं नाही. नमुना असा, आकडे हजारांत:

स्वीकृत रक्कम १०,०००, प्रोव्हिजनल सम नाही. अ‍ॅडव्हान्स १,००० आधीच दिलेला. झालेलं काम आजवर ३,०००, मागील बिलापर्यंत २,४००. साइटवरचा माल आज १५०, मागील बिलात २००, मालाच्या ८० टक्के रक्कम धरायची. रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवायची रक्कम, झालेल्या कामावर १० टक्के, मर्यादा ५००. अ‍ॅडव्हान्सची वसुली या बिलाच्या रकमेच्या २५ टक्के, रिटेन्शन कापण्याआधीच्या रकमेवर. ती आधीच सुरू झालेली आहे. या बिलात निव्वळ किती मागायचं?

उत्तर असं बसतं. काम ३,००० उणे २,४०० म्हणजे ६००. माल आज १२० धरला, मागे १६० धरला होता, म्हणजे या वेळी उणे ४०, कारण तो माल कामात गेला आणि कामाच्या ६०० मध्ये आला आहे. बिलाची रक्कम ५६०. रिटेन्शन ३०० उणे २४० म्हणजे ६०, मर्यादेच्या आत. अ‍ॅडव्हान्स वसुली ५६० च्या २५ टक्के म्हणजे १४०. निव्वळ ३६०.

चुका ठरलेल्या असतात आणि प्रत्येक चूक काहीतरी सांगते. ज्याने ६०० मध्ये १२० मिळवून ७२० केले त्याने मागील बिलातला माल वजा केला नाही, म्हणजे आजवरचं आणि या वेळचं यांत गोंधळ आहे. ही गंभीर चूक आहे, कारण अशा बिलात एकाच मालाचे पैसे दोनदा मागितले जातात आणि क्लायंटचा इंजिनिअर मग पुढचं प्रत्येक बिल संशयाने पाहतो. ज्याने रिटेन्शन मालावरही लावून ५६ काढले त्याने नियम नीट वाचला नाही. १९९९ च्या रेड बुकच्या कलम १४.३ मध्ये रिटेन्शन कामाच्या आणि दरबदलाच्या रकमेवर आहे, मालाची रक्कम त्यानंतर येते. ही चूक समजावल्यावर सुधारते. ज्याने वसुली रिटेन्शन कापून उरलेल्या ५०० वर लावली त्याचे १२५ आले. तीही वाचनातली चूक. आकड्यापेक्षा त्याने ‘आजवर, मागील, या वेळी’ असे तीन रकाने स्वतःहून आखले का ते पाहा. रकाने आखणाऱ्याची बेरीज चुकली तरी ती सापडते.

उमेदवाराला जुन्या कंपनीचं बिल नमुना म्हणून आणायला सांगू नका. ते गोपनीय असतं, आणि जो सहज आणून देतो तो उद्या तुमचंही दुसऱ्याला देईल.

सबकॉन्ट्रॅक्टरच्या बिलासाठी एकच प्रश्न पुरतो: ‘सबकॉन्ट्रॅक्टरला क्लायंटपेक्षा जास्त क्वांटिटी दिली गेली तर ते तुम्हाला कधी कळायचं?’ चांगला क्वांटिटी सर्व्हेअर आयटमवार दोन्हींची तुलना दर महिन्याला ठेवतो. ‘फायनल बिलात’ हे उत्तर आलं तर तोवर पैसे गेलेले असतात.

कॉन्ट्रॅक्ट: कलमं आणि तारखा

‘फिडिकचं उत्तम ज्ञान’ या ओळीचा कस दोन मिनिटांत लागतो. आधी विचारा, कोणतं पुस्तक आणि कोणत्या वर्षाचं? मग विचारा, बारावं कलम कशाचं? १९९९ च्या रेड बुकमध्ये बारावं कलम मोजमाप आणि मूल्यांकनाचं आहे. त्याच वर्षीच्या यलो बुकमध्ये बारावं कलम काम पूर्ण झाल्यानंतरच्या चाचण्यांचं आहे. आपला उमेदवार चालू नोकरीत यलो बुकवर आहे. त्याने ‘आमच्याकडे ते चाचण्यांचं आहे, मोजमाप रेड बुकात’ असं सांगितलं तर त्याने पुस्तक उघडलेलं आहे. यलो बुकवर काम करून ‘मोजमापाचं’ म्हणाला तर ऐकीव ज्ञान.

नंतर क्लेमच्या मुदती. १९९९ च्या आवृत्तीत २०.१ खाली, घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांत नोटीस आणि ४२ दिवसांत सविस्तर क्लेम. नोटीस चुकली तर मुदतवाढ आणि पैसे दोन्हींचा हक्क जातो. २०१७ च्या आवृत्तीत हा विषय २०.२ मध्ये गेला, नोटिशीचे २८ दिवस राहिले आणि सविस्तर क्लेमचे ८४ झाले. कोणी ८४ म्हणाला तर चूक धरू नका, आवृत्ती विचारा. आणि ‘कळायला हवी होती’ हा तुकडा त्याने स्वतःहून सांगितला तर वरचा गुण द्या. क्लेम बुडतात ते बहुतेक याच तुकड्यावर: साइट इंजिनिअरला महिन्यापूर्वी माहीत असतं आणि क्वांटिटी सर्व्हेअरला बिल करताना कळतं.

तिसरा प्रश्न नव्या दराचा, कारण रेड बुकवर तो दर महिन्याला समोर येतो. ‘एका आयटमची क्वांटिटी १,२०० वरून १,५०० घनमीटर झाली. नवा दर मागता येईल का?’ सर्रास मिळणारं उत्तर ‘दहा टक्क्यांवर गेली, म्हणजे हो’. १२.३ मध्ये चार अटी आहेत आणि चारही एकत्र लागतात: क्वांटिटीतला फरक १० टक्क्यांहून जास्त, फरक गुणिले दर स्वीकृत रकमेच्या ०.०१ टक्क्यांहून जास्त, या फरकामुळे एककाचा खर्च १ टक्क्याहून जास्त बदललेला, आणि तो आयटम ‘ठरलेल्या दराचा’ म्हणून नोंदलेला नसावा. अडतं ते तिसऱ्या अटीवर, कारण खर्च बदलला हे कागदाने दाखवावं लागतं. चारही आठवले नाहीत तरी चालेल. ‘अजून अटी आहेत, बघून सांगतो’ म्हणणारा ‘हो’ म्हणणाऱ्यापेक्षा भरवशाचा.

‘क्लेम हाताळले’ या शब्दांमागचं काम वेगळं काढा. नोटिशीचा मसुदा केला, पुरावे गोळा केले, रक्कम काढली की वाटाघाटीत बसला? चारही वेगळ्या पायऱ्या आहेत. नोटीस लिहिणारे बरेच असतात, रक्कम काढलेले थोडे.

फोननंतरचा हिशेब

समजा उमेदवाराची उत्तरं अशी आली. टॉवरवर दोन कॉन्ट्रॅक्टं होती, स्ट्रक्चरची १४ बिलं आणि सातव्या महिन्यापासून फिनिशिंगची ८, म्हणून २२. जॉइंट मेजरमेंटपासून सर्टिफिकेटपर्यंत काम त्याचंच. अठरा हे सबकॉन्ट्रॅक्टर होते, पण त्यांतल्या सहांचीच बिलं तो करायचा. कॉस्टएक्स सल्लागाराकडे तीन वर्षं वापरलं, फक्त ड्रॉइंगवर. टॉवरवर प्लॅनस्विफ्ट. कँडी आणि प्रिमाव्हेरा कोर्समध्ये पाहिलेलं. शीटच्या चाचणीत स्केल बरोबर लावलं. बिलाच्या हिशेबात ३६४ काढले, कारण रिटेन्शन मालावरही लावलं, पण रकाने नीट होते. क्लेमच्या दोन नोटिसा लिहिल्या, २८ आणि ४२ दिवस बरोबर सांगितले, रक्कम कधी काढली नाही. नव्या दराला ‘दहा टक्के’ म्हणाला.

आता सॉफ्टवेअर ३, म्हणजे १८.७५. बिलं ३, म्हणजे ३०. कॉन्ट्रॅक्ट २, म्हणजे १७.५. एकूण ६६.२५. कागदावरचे ३५ जवळपास दुप्पट झाले, आणि यात उमेदवाराचा नाही तर रेझ्युमेचा दोष होता. त्याने दोन ओळी अशा लिहिल्या असत्या तर फोनआधीच तो वर आला असता:

‘टॉवर, १४ महिने: स्ट्रक्चरची मासिक बिलं १ ते १४ आणि फिनिशिंगची १ ते ८, जॉइंट मेजरमेंटपासून सर्टिफिकेटपर्यंत. १८ पैकी ६ सबकॉन्ट्रॅक्टरची मासिक बिलं. टेकऑफ प्लॅनस्विफ्टमध्ये.’

‘सल्लागार, ३ वर्षं: बीओक्यू. कॉस्टएक्सवर ड्रॉइंगवरून मोजमाप, मॉडेलवर काम नाही.’

‘मॉडेलवर काम नाही’ लिहिल्याने नुकसान होईल अशी भीती उमेदवारांना वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे त्या ओळीतल्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो.

नेमायचं की नाही हे ६६.२५ या आकड्यावर ठरत नाही, साइटवर आणखी कोण आहे त्यावर ठरतं. वर सीनियर क्वांटिटी सर्व्हेअर किंवा कॉन्ट्रॅक्ट मॅनेजर असेल आणि क्लेमची रक्कम तो काढणार असेल, तर हा माणूस पहिल्या महिन्यापासून बिलं सांभाळेल. साइटवर एकटाच क्वांटिटी सर्व्हेअर ठेवायचा असेल तर घेऊ नका. ३० महिन्यांच्या रेड बुक कामावर क्लेम येणारच, आणि तेव्हा शिकायला वेळ नसतो.

नेमायचं ठरलं तर संदर्भासाठी टॉवरवरच्या त्याच्या वरिष्ठाला फोन करा आणि ‘कसा होता?’ न विचारता एवढंच विचारा: बिल क्लायंटकडे जाण्याआधी त्यावर शेवटची सही कोणाची असायची, आणि सहीआधी त्याच्या शीटमध्ये किती बदल करावे लागायचे?